पुअर मॅन्स कव्हर्ड कॉल: शेअर वर गेला तरी नफा का अडकतो आणि रोल करताना तोटा कसा साचतो

पुअर मॅन्स कव्हर्ड कॉल म्हणजे शेअर न घेता त्याचा लांब मुदतीचा कॉल विकत घेणे, हा लाँग कॉल, आणि त्याच्या आधारे कमी मुदतीचा, वरच्या स्ट्राइकचा कॉल विकणे, हा शॉर्ट कॉल. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला, म्हणजे स्ट्राइकला, शेअर घेण्याचा हक्क. ही रचना चालवणाऱ्यांकडून एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. शेअरबद्दलचा अंदाज बरोबर ठरला, भाव अपेक्षेपेक्षा जास्त वर गेला, शॉर्ट कॉल खोल इन-द-मनी झाला, म्हणजे भाव त्याच्या स्ट्राइकच्या बराच पुढे गेला, आणि खात्यात मात्र नफा नावापुरताच दिसतो. मग तो शॉर्ट कॉल वरच्या स्ट्राइकवर रोल केला जातो, म्हणजे जुना परत घेऊन नवा विकला जातो, त्यासाठी खिशातून पैसे भरले जातात, भाव परत खाली येतो आणि शेवटी शेअर सुरुवातीच्या भावापेक्षा वर असूनही व्यवहार तोट्यात संपतो. पुढच्या वेळी हेच पुन्हा घडते. या लेखात फक्त हीच अडचण घेतली आहे. ती का येते, आलेली आहे हे कसे ओळखायचे, आलीच तर कोणता मार्ग घ्यायचा आणि मुळात ती कमी कशी करता येते, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

खालील सर्व आकडे एका शेअरमागचे आहेत. ऑप्शनच्या किमती प्रचलित किंमत-सूत्राने, व्याजदर ४ टक्के आणि व्होलॅटिलिटी साधारण २५ ते २९ टक्के धरून काढल्या आहेत आणि त्यांतील बहुतेक सोयीसाठी जवळच्या दहा पैशांच्या टप्प्यावर आणल्या आहेत. शेअर लाभांश देत नाही असे सुरुवातीला गृहीत धरले आहे. लाभांशाचा प्रश्न पुढे स्वतंत्रपणे येईल.

उदाहरणातला व्यवहार

शेअरचा भाव १०० आहे. दीड वर्षाची मुदत असलेला ७५ स्ट्राइकचा कॉल ३१.७० ला विकत घेतला. त्याचा डेल्टा, म्हणजे शेअर एक रुपयाने हलला तर कॉलची किंमत जितकी हलते तो आकडा, सुमारे ०.८८ आहे. या ३१.७० पैकी २५ हे आंतरिक मूल्य, म्हणजे भाव आणि स्ट्राइक यांतला सरळ फरक, आणि उरलेले ६.७० हे कालमूल्य. त्याच वेळी ३५ दिवसांच्या मुदतीचा १०५ स्ट्राइकचा कॉल १.५० ला विकला. त्याचा डेल्टा सुमारे ०.३०. खिशातून निव्वळ ३०.२० गेले.

वरवर पाहता हा व्यवहार अगदी पुस्तकी वाटतो. लाँग कॉल खोल इन-द-मनी आहे, मुदत लांब आहे, शॉर्ट कॉल महिन्याभराचा आणि ०.३० डेल्टाचा आहे. तरीही यात पहिल्याच दिवशी एक दोष शिरलेला आहे. दोन स्ट्राइकमधले अंतर ३० आहे आणि खर्च ३०.२०. लाँग कॉल वापरून शेअर घ्यायचे ठरवले तर ते प्रत्यक्षात ७५ अधिक ३१.७०, म्हणजे १०६.७० ला पडतात. शॉर्ट कॉलच्या बंधनामुळे ते विकावे लागले तर १०५ अधिक १.५०, म्हणजे १०६.५० मिळतात. खरेदी १०६.७० ला आणि विक्री १०६.५० ला, असा हा सौदा आहे.

साध्या कव्हर्ड कॉलमध्ये १०० ला घेतलेला शेअर १०५ ला गेला तर पाच रुपये आणि वर प्रीमियम असा हिशेब लगेच डोळ्यांसमोर येतो. इथे तो येत नाही, कारण शेअर १०० ला घेतलेलाच नसतो. लाँग कॉलच्या कालमूल्यापोटी भरलेले ६.७० हा शेअर न घेता तो ताब्यात असल्यासारखे वागण्याचा भाव आहे. शॉर्ट कॉलच्या स्ट्राइकपर्यंतचे अंतर आणि त्याचा प्रीमियम या दोन्हींची बेरीज या कालमूल्यापेक्षा जास्त असायला हवी. वरच्या उदाहरणात ती बेरीज ६.५० आहे, म्हणून ती वीस पैशांनी कमी पडते.

मात्र एक गोष्ट इथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण तिच्याबद्दल बराच गैरसमज आहे. या वीस पैशांच्या तुटीचा अर्थ शेअर वर गेला की तोटा होणारच, असा नाही. लाँग कॉल एक्सरसाइज केला, म्हणजे हक्क वापरून स्ट्राइकला शेअर घेतले आणि त्याचे उरलेले कालमूल्य टाकून दिले, तरच हा तोटा प्रत्यक्षात येतो. तोच कॉल बाजारात विकला तर चित्र वेगळे असते.

भाव ११८ झाल्यावर काय दिसते

वीस दिवसांत शेअर ११८ वर गेला असे समजू. शॉर्ट कॉलचे पंधरा दिवस उरले आहेत. लाँग कॉल आता सुमारे ४७.९० चा आहे. त्यात ४३ आंतरिक आणि ४.९० कालमूल्य. शॉर्ट कॉल १३.२० चा आहे. त्यात १३ आंतरिक आणि फक्त ०.२० कालमूल्य. दोन्ही पाय बंद केले तर ३४.७० हातात येतात आणि ३०.२० वजा जाता नफा ४.५० राहतो. शेअर अठरा रुपयांनी वाढला आणि नफा साडेचार. तक्रारीचे मूळ इथेच आहे.

आता स्क्रीनवर डेल्टा पाहा. लाँग कॉलचा डेल्टा सुमारे ०.९६ आणि शॉर्टचा ०.९९ आहे. निव्वळ डेल्टा उणे ०.०३. म्हणजे शेअर आणखी वर गेला तर या स्थितीला काहीही मिळणार नाही, उलट किंचित कमीच होईल. भाव त्याच दिवशी १५० झाला असता तर दोन्हींतला फरक ३४.१० च्या आसपास राहिला असता आणि नफा ३.९० वर उतरला असता. याउलट, मुदतीच्या दिवशी शेअर बरोबर १०५ वर असता तर लाँग कॉल ३५.७५ चा राहिला असता, शॉर्ट शून्य झाला असता आणि नफा साडेपाचच्या पुढे गेला असता. या व्यवहाराचे शिखर शॉर्ट स्ट्राइकवर आहे. त्यापलीकडे उतार आहे. तो उतार सौम्य असतो, पण असतो, हे स्वीकारले की रोल करण्याची घाई निम्मी कमी होते.

ही अवस्था आलेली आहे की नाही, हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे शॉर्ट कॉलमध्ये उरलेले कालमूल्य पाहणे. शेअरचा भाव वजा शॉर्ट स्ट्राइक हे आंतरिक मूल्य काढा आणि ते कॉलच्या किमतीतून वजा करा. उरलेली रक्कम काही पैशांवर आली असेल तर त्या कॉलमधून कमवायचे सगळे कमावून झाले आहे. मात्र ही किंमत शेवटच्या व्यवहाराच्या भावावरून काढू नये. खोल इन-द-मनी कॉलमध्ये व्यवहार विरळ असतात आणि स्क्रीनवरचा शेवटचा भाव कित्येक तासांपूर्वीचा असू शकतो, त्यामुळे कधीकधी कालमूल्य उणे दिसते किंवा नसलेले कालमूल्य आहे असे वाटते. खरेदी आणि विक्रीच्या चालू बोलींच्या मध्यावरून ते काढावे.

बोलींमधले अंतर हाही दुर्लक्षित भाग आहे. समजा लाँग कॉलला खरेदीची बोली ४७.३० आणि विक्रीची ४८.५० आहे, आणि शॉर्टला १२.९० व १३.५०. दोन्ही पाय बाजारभावाने वेगवेगळे बंद केले तर ४७.३० मिळतील आणि १३.५० जातील. हाती ३३.८० येतील आणि नफा ३.६० उरेल. म्हणजे निव्वळ ऑर्डर कशी टाकली यावर नव्वद पैसे, म्हणजे नफ्याचा पाचवा भाग, अवलंबून आहे. दोन्ही पाय एकाच स्प्रेड ऑर्डरमध्ये, मर्यादित भावाने, मध्याजवळ टाकावेत आणि ऑर्डर भरली नाही तर पाच-दहा पैशांनी खाली यावे. काही कारणाने पाय सुटे करावेच लागले तर शॉर्ट आधी विकत घ्यावा आणि लाँग नंतर विकावा. उलटे केले तर मधल्या काळात उघडा शॉर्ट कॉल हातात राहतो आणि बहुतेक ब्रोकर तसे करूही देत नाहीत.

रोल करताना पैसा कुठे जातो

११८ च्या भावाला बहुतेक जण पहिला विचार करतात तो शॉर्ट कॉल वर सरकवण्याचा. शेअरमध्ये दम आहे, ०.३० डेल्टाचा नवा कॉल विकू, छत वर जाईल, अशी ती मांडणी असते. पंचेचाळीस दिवसांचा १२५ स्ट्राइकचा कॉल १.८० ला मिळतो. जुना १३.२० ला परत घ्यायचा, नवा १.८० ला विकायचा. खिशातून ११.४० गेले. एकूण गुंतवणूक ४१.६० झाली आणि स्ट्राइकमधले अंतर ५०. कागदावर हे सुधारलेले दिसते, कारण आता अगदी एक्सरसाइज करून बाहेर पडले तरी ८.४० उरतात.

पण या एका ऑर्डरने निव्वळ डेल्टा उणे ०.०३ वरून अधिक ०.६७ वर गेला. म्हणजे अठरा टक्के वाढून झालेल्या शेअरवर, वाढ झाल्यानंतर, नव्याने तेजीचा मोठा डाव लावला गेला. रोल या शब्दामुळे तो जुन्या व्यवहाराचीच डागडुजी वाटतो. प्रत्यक्षात जुना व्यवहार ११८ ला संपला होता आणि त्याचा साडेचारचा नफा या नव्या डावात घातला गेला. तशी स्पष्ट इच्छा असेल तर त्यात गैर काही नाही. पण बरेचदा ती नसते आणि केवळ शॉर्ट कॉल लाल रंगात दिसतो म्हणून हे केले जाते.

आता पंचेचाळीस दिवसांनी शेअर १०५ वर परत आला असे समजू. १२५ चा शॉर्ट कॉल निकामी झाला आणि १.८० पूर्ण मिळाले, ते वरच्या हिशेबात आधीच धरले आहेत. लाँग कॉलची किंमत सुमारे ३५.४० राहील. गुंतवणूक ४१.६०. तोटा ६.२०. शेअर अजूनही सुरुवातीच्या भावापेक्षा पाच रुपयांनी वर आहे. ११८ ला जे रोल न करता, व्यवहार बंद करून मिळत होते ते साडेचार आणि आता उणे सहा, असा जवळजवळ अकरा रुपयांचा फरक आहे. ११.४० भरून छत उचलले आणि भाव खाली आल्यावर त्या पैशांची भरपाई देणारे काही उरलेच नाही. जी व्यक्ती दर तेजीला असे करते आणि तेजीनंतर भाव थोडे मागे येतात अशा शेअरमध्ये काम करते, तिच्या खात्यात हा तोटा महिन्यामागून महिने साचत जातो. प्रत्येक महिन्याच्या प्रीमियमची नोंद मात्र नफा म्हणूनच दिसते, कारण रोलचा खर्च वेगळ्या ओळीत असतो.

हे टाळण्यासाठी पूर्ण व्यवहाराचा एकच हिशेब ठेवावा. लाँग कॉलची मूळ किंमत, त्यातून आजवर मिळालेले सर्व प्रीमियम वजा, शॉर्ट परत घेण्यासाठी दिलेल्या सर्व रकमा अधिक. हा आकडा एका बाजूला आणि सध्याच्या दोन स्ट्राइकमधले अंतर दुसऱ्या बाजूला. रोलनंतर काय मिळाले यापेक्षा या दोन आकड्यांतले नाते काय झाले, हे पाहावे.

तेव्हा ११८ ला करायचे काय? माझ्या मते तिथे तीनच प्रामाणिक पर्याय आहेत. पहिला, संपूर्ण व्यवहार बंद करून ४.५० घेणे. दुसरा, त्याच १०५ स्ट्राइकचा पंचेचाळीस दिवसांचा कॉल विकणे. तो १३.९० ला मिळतो, म्हणजे रोल करताना ०.७० हाती येतात आणि गुंतवणूक २९.५० वर उतरते. हे दिसायला आळशीपणाचे वाटते, पण त्याचे परिणाम पाहा. पंचेचाळीस दिवसांनी शेअर ११८ वरच राहिला तर लाँग ४७.५० आणि शॉर्ट १३ धरून नफा पाच रुपयांवर येतो. तो १०५ वर आला तर ३५.४० वजा २९.५०, म्हणजे ५.९० नफा होतो. अगदी ९२ पर्यंत कोसळला तर लाँग साधारण २४.२५ चा राहील आणि तोटा सव्वापाचच्या आसपास होईल. म्हणजे तेरा रुपयांच्या घसरणीपर्यंत हा व्यवहार नफ्यातच आहे. किंमत एवढीच की तेजीतला वाटा सोडून द्यावा लागतो, आणि तो तर आधीच सुटलेला आहे.

तिसरा पर्याय मधला आहे. ११० स्ट्राइकचा पंचेचाळीस दिवसांचा कॉल ९.६० ला विकायचा. त्यासाठी ३.६० भरावे लागतात आणि गुंतवणूक ३३.८० होते. शेअर ११८ वर राहिला तर नफा साडेपाचच्या वर जातो. १०५ वर आला तर १.६० उरतात. पाच रुपयांचे छत उचलण्यासाठी ३.६० देणे महाग आहे, आणि हा पर्याय फक्त शेअर इथून खाली येणार नाही याची बऱ्यापैकी खात्री असेल तरच घ्यावा. मी स्वतः या ठिकाणी पहिल्या दोनपैकीच एक निवडेन. शेअरबद्दल पुढे काहीच मत नसेल तर बंद करणे आणि हळूहळू खाली येईल असे वाटत असेल तर त्याच स्ट्राइकवर पुढे सरकवणे.

वरच्या स्ट्राइकवर जायचेच असेल तर त्याची वेळ ११८ ही नव्हे. भाव पहिल्यांदा शॉर्ट स्ट्राइकला टेकतो तेव्हा शॉर्ट कॉलमध्ये कालमूल्य सर्वाधिक असते आणि तेव्हाच रोल स्वस्त पडतो. दहाव्या दिवशी, म्हणजे पंचवीस दिवस उरलेले असताना, शेअर १०५ वर आहे असे समजू. १०५ चा कॉल तेव्हा साधारण ३ रुपयांना असतो आणि पन्नास दिवसांचा ११० चा कॉल २.३० ला. पाच रुपयांचे छत ०.७० मध्ये उचलता येते. एकूण गुंतवणूक ३०.९० आणि अंतर ३५, म्हणजे सुरुवातीची वीस पैशांची तूटही भरून निघते. हाच पाच रुपयांचा टप्पा ११८ ला ३.६० ला पडत होता. म्हणून शॉर्ट स्ट्राइकच्या भावाला सूचना लावून ठेवावी आणि ती वाजली की त्याच दिवशी निर्णय घ्यावा. शेअरने रात्रीत एकदम उडी मारली तर ही संधी मिळत नाही. म्हणूनच कंपनीच्या तिमाही निकालाच्या तारखेपलीकडे जाणारा शॉर्ट कॉल या रचनेत विकू नये, किंवा विकलाच तर छत तुटेल हे आधीच मान्य करून विकावा.

असाइनमेंट आली तर

ज्या बाजारात शेअरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे आहेत, म्हणजे मुदतीपूर्वी कधीही एक्सरसाइज करता येतात, तिथे खोल इन-द-मनी शॉर्ट कॉलवर मुदतीपूर्वी असाइनमेंट, म्हणजे स्ट्राइकच्या भावाला शेअर देण्याची वेळ, येऊ शकते. युरोपियन पद्धतीच्या ऑप्शनमध्ये हा प्रश्न मुदतीच्या दिवसापुरताच मर्यादित असतो. अमेरिकन पद्धतीत असाइनमेंट बहुधा लाभांशाच्या आदल्या दिवशी येते आणि ती येणार की नाही याचा अंदाज आधी बांधता येतो. त्याच स्ट्राइकच्या आणि त्याच मुदतीच्या पुटची, म्हणजे शेअर विकण्याचा हक्क देणाऱ्या ऑप्शनची, किंमत पाहावी. आपल्या उदाहरणात शेअर ११८ वर असताना १०५ चा पुट दोन पैशांचा असतो. स्ट्राइकच्या रकमेवरचे पंधरा दिवसांचे व्याज सुमारे सतरा पैसे. समजा कंपनीने ०.६० लाभांश जाहीर केला आहे आणि शॉर्ट कॉलच्या मुदतीपूर्वी त्याची तारीख येते. कॉलधारकाला एक्सरसाइज करून साठ पैसे मिळतात आणि त्यासाठी एकोणीस पैशांचे कालमूल्य सोडावे लागते. तो एक्सरसाइज करणारच. लाभांश जवळ आला असताना शॉर्ट कॉलचे कालमूल्य लाभांशापेक्षा कमी असेल तर आदल्या दिवसाच्या सत्रातच तो परत घ्यावा किंवा रोल करावा, हा या हिशेबाचा साधा अर्थ.

असाइनमेंट आलीच तर खात्यात सकाळी शॉर्ट शेअर दिसतात. मार्जिनचा इशाराही येऊ शकतो, आणि पुष्कळांची खरी चूक त्या क्षणी होते. हातात लाँग कॉल आहे, तो एक्सरसाइज करून शेअर देऊन टाकू, असा सरळ विचार केला जातो. त्याचा परिणाम असा: १०५ मिळाले, ७५ दिले, हाती ३० आणि गुंतवणूक ३०.२०. तोटा ०.२०. याउलट शेअर बाजारातून ११८ ला घेऊन शॉर्ट बंद केला आणि लाँग कॉल ४७.९० ला विकला तर १०५ वजा ११८ अधिक ४७.९०, म्हणजे ३४.९० हातात येतात आणि नफा ४.७०. शॉर्ट कॉलचे उरलेले वीस पैसे समोरच्याने सोडले, ते इथे आपल्याकडे आले. दोन मार्गांतला फरक ४.९०, म्हणजे नेमके लाँग कॉलचे कालमूल्य. शंभर शेअरच्या एका करारामागे तो ४९० होतो. लाभांशाच्या तारखेला शॉर्ट शेअर अंगावर असतील तर लाभांशाची रक्कम आपल्याला द्यावी लागते, पण त्या दिवशी शेअरही सहसा तितकाच खाली उघडतो, त्यामुळे शेअर विकत घेताना ती बहुतांश भरून निघते.

घाबरून जाण्याचेही कारण नाही. शॉर्ट शेअरचा डेल्टा उणे १ आणि लाँग कॉलचा अधिक ०.९६, अशी ती स्थिती असते. भाव कुठेही गेला तरी ती काही तासांत फारशी हलत नाही. शांतपणे आधी शेअर विकत घ्यावेत आणि मग लाँग कॉल मर्यादित भावाने विकावा. किंवा लाँग ठेवून त्यावर नवा शॉर्ट कॉल विकावा. काही ब्रोकर मात्र मार्जिन पुरेसे नसेल तर स्वतःहून लाँग कॉल एक्सरसाइज करतात किंवा बाजारभावाने पाय बंद करतात. आपल्या ब्रोकरचा यासंबंधीचा नियम काय आहे, हे व्यवहार उघडण्याआधीच विचारून ठेवावे, कारण इथे चार-पाच रुपयांचा प्रश्न असतो.

सुरुवातीची दुरुस्ती आणि उलट दिशेचा सापळा

मूळ तुटीकडे परत येऊ. १०६.७० ची खरेदी आणि १०६.५० ची विक्री हे नाते सुधारण्याचे दोन मार्ग आहेत. लाँग कॉल आणखी खोल घेणे हा पहिला. ६५ स्ट्राइकचा दीड वर्षाचा कॉल साधारण ३९.९० ला असतो, डेल्टा ०.९४ च्या आसपास. त्यात ३५ आंतरिक आणि ४.९० कालमूल्य. खरेदीचा भाव १०४.९० पडतो आणि विक्रीच्या १०६.५० शी तुलना करता १.६० चा फरक आपल्या बाजूने राहतो. भांडवल ८.२० जास्त अडकते. ते सर्व आंतरिक मूल्य असल्यामुळे वेळेबरोबर झिजत नाही, मात्र शेअर कोसळला तर तेही बुडते, हे लक्षात ठेवावे. दुसरा मार्ग शॉर्ट स्ट्राइक वर नेण्याचा. ११० चा कॉल फक्त ०.५० देतो, पण विक्रीचा भाव ११०.५० होतो. कमी प्रीमियम घेऊन जास्त जागा ठेवणे अनेकांना पटत नाही, कारण दर महिन्याचा प्रीमियम हाच त्यांना उत्पन्नाचा खरा स्रोत वाटतो. पण ज्या शेअरमध्ये तेजीची अपेक्षा आहे त्यात मला हाच मार्ग बरा वाटतो.

हाच हिशेब घसरणीतही लागू होतो आणि तिथे तो जास्त दुर्लक्षित राहतो. पहिला शॉर्ट कॉल निकामी झाला, १.५० मिळाले आणि शेअर ९० वर आला असे समजू. १०५ च्या कॉलला आता काहीच भाव नाही, म्हणून ९५ चा कॉल एक रुपयाला विकला जातो. दोन्ही स्ट्राइकमधले अंतर वीसवर आले आणि खर्च ३१.७० वजा १.५० वजा १, म्हणजे २९.२०. शेअर लगेच १०० वर परत आला तर ज्या पातळीवर व्यवहार सुरू झाला होता तिच्याही खाली छत ठेवून बसल्याचे दिसते आणि मग तेच महागडे रोल सुरू होतात. अशा वेळी एक महिना काहीही न विकता लाँग कॉल मोकळा ठेवणे किंवा लांब मुदतीचा पण वरच्या स्ट्राइकचा कॉल विकणे अधिक योग्य ठरते. आणि शेअरबद्दलचे मतच बदलले असेल तर लाँग विकून बाहेर पडावे. रुपया-रुपया गोळा करून दहा रुपयांची घसरण भरून काढण्याचा प्रयत्न इथे सहसा साधत नाही, कारण प्रत्येक रुपयाबरोबर वर येण्याची वाटही बंद होत जाते.

लाँग कॉलची उरलेली मुदतही या हिशेबात पाहावी लागते. कालमूल्याची झीज मुदत संपत येते तशी वेगवान होते. खोल इन-द-मनी कॉलमध्ये ती मंद असते, पण शेअर घसरून लाँग स्ट्राइकच्या जवळ आला असेल तर हा फायदा राहत नाही. सहा महिन्यांच्या आत मुदत आली की लाँग कॉल विकून पुढच्या मुदतीचा घ्यायचा की व्यवहारच थांबवायचा, हे ठरवून टाकावे. नव्या मुदतीचा लाँग घेताना दिलेला फरकही त्याच एका हिशेबात मांडावा आणि नव्या एकूण खर्चाची तुलना नव्या अंतराशी करावी. ही तुलना जुळत नसेल तर त्या दिवशी शॉर्ट कॉल कितीही चांगल्या भावाला मिळत असला तरी तो विकू नये.